वाफेच्या पेटीखालची ओळ

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण वेलनेस सेंटरच्या मेन्यूतली एक ओळ मी आधी लिहिली होती तशीच राहिली असती, तर माझी वहिनी पोटातल्या दोन महिन्यांच्या बाळासकट वाफेच्या पेटीत जाऊन बसली असती. ती ओळ बदलली कशी आणि तिच्यामुळे आणखी काय बदललं, ते लिहून ठेवावंसं वाटतं. असं काही मी याआधी लिहिलेलं नाही.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी घेऊन. आमच्या पूर्णगडच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा आणि दादा होडीवर जातात, आई मासळी विकते. वर्गात मी हात वर करत नाही. त्यामुळे इंग्रजीच्या सरांनी स्टाफरूममध्ये बोलावून नऊ पानांचा गठ्ठा पुढे केला, तेव्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा निरोप असेल असंच मला वाटलं.

"मांडवीच्या रस्त्याला वेलनेस सेंटर उघडतंय," सर म्हणाले. "त्यांचा उपचारांचा मेन्यू मराठीत हवाय. करशील?"

"मला जमेल का सर?"

"ते मला काय विचारतेस? कागद घरी ने, बघ, आणि सांग."

एसटीत मी तो गठ्ठा पिशवीतून तीनदा बाहेर काढला. पहिल्याच पानावर अभ्यंग, शिरोधारा, स्वेदन. आपलेच शब्द इंग्रजी लिपीत बसलेले बघून हसू आलं. त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं. चुलीपुढे बसून मी आईला विचारायची, "कोमट तेलाची संततधार म्हटलं तर कसं वाटतं गो?" आई म्हणायची, "डोक्यावर पडली तर बरी, भाकरीवर नको."

उपचारांची वर्णनं मी जीव लावून केली. अडखळले ती सूचनांपाशी. प्रत्येक उपचाराखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, हा कोणी घेऊ नये: गरोदर बाई, हृदयाचा आजार असलेले, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेले. फोनवर भाषांतराला टाकून पाहिलं तर 'गर्भधारणेच्या बाबतीत प्रतिबंधित' असं आलं. ते एखाद्या सरकारी फाटकावरच्या पाटीसारखं वाटलं. पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्याला 'घेऊ नका' म्हणायचं मला उद्धटपणाचं वाटलं. मी सगळीकडे लिहिलं, 'शक्यतो टाळावे.' वाचायला किती गोड वाटत होतं ते!

सेंटरमध्ये गेले तेव्हा मालकीणबाई, म्हणजे ज्यांना सगळे मॅडम म्हणतात त्या, फोनवर होत्या. माझे कागद तिथल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी घेतले. त्यांनी स्वतः वाचले नाहीत. मसाज करणाऱ्या मावशींना हाक मारली आणि स्वेदनाचं, म्हणजे वाफेच्या पेटीचं, पान त्यांच्या हातात दिलं. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, हाताला तेलाचा वास.

"वाचा मावशी. आणि मग तुमच्या शब्दांत सांगा, गरोदर बाई आली तर काय करायचं."

मावशींनी ओळीखाली बोट धरून वाचलं. मग म्हणाल्या, "शक्यतो टाळावे. म्हणजे नायच घेतली तर बरा. पण फारच हट्ट केलान तर पाच मिन्टं बसवायची."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

"मूळ कागदावर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"घेऊच नये असं."

"मग पाच मिनिटं कुठून आली?"

"माझ्याकडून," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी मला शेजारी बसवलं. वाफेने अंगाची उष्णता वाढते आणि पहिल्या महिन्यांत ती फार वाढू देणं बाळाला धोक्याचं असतं, हे त्यांनी समजावलं. मधुमेहात पायाला बधिरपणा असेल तर गरम दगडाचा चटका बसलेला कळत नाही. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊन सूज आली असेल तर तिथे चोळायचंच नाही. मी भराभर लिहून घेत होते. पुस्तकातला एकेक शब्द असा माणसाच्या अंगाला जाऊन चिकटताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी आम्ही दोनच वाक्यं ठरवली. जिथे पक्की मनाई आहे तिथे 'घेऊ नका'. जिथे विचारून चालतं तिथे 'आधी डॉक्टरांना भेटा'. तिसरं गोडगोड काही नाही. उच्च रक्तदाबाच्या पुढे 'बीपी' आणि मधुमेहाच्या पुढे 'शुगर' लिहायचं, कारण लोक तसंच म्हणतात. आणि सूचना उपचाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. मावशींनी पुन्हा वाचलं. "गरोदर असाल तर वाफ घेऊ नका. आता कसा कळला!" त्या म्हणाल्या. मला तर पेपरात पहिली आल्यासारखं वाटलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मॅडमनी ठरवलं की ओळखीच्या चार-सहा बायकांना बोलवायचं, त्यांनी मेन्यू वाचायचा, हवा तो उपचार फुकट घ्यायचा, आणि कुठे अडतं ते मी टिपायचं. संध्याकाळी पाचला पानं छपाईला जाणार होती. मी आईला आणि वहिनीला घेऊन गेले.

वहिनी आठ दिवसांपासून त्या वाफेचंच बोलत होती. तिची कंबर दुखते. एसटीतसुद्धा म्हणाली, "मी तर पेटीतच बसणार. मुंडकं तेवढं बाहेर, राणीसारखं." आई म्हणाली, "राणी कसली, मोदकासारखी उकडून निघशील."

दारातच काउंटर. तिथल्या मुलीने दोघींना फॉर्म दिले. बीपी आहे का, शुगर आहे का, गरोदर आहात का, हो किंवा नाही. आई वहिनीला चिकटूनच बसलेली, मागे आणखी दोघी बायका. वहिनीने झरझर खुणा केल्या. सगळीकडे नाही. मग मेन्यू उघडला.

ती बराच वेळ त्याच पानावर होती. मला वाटलं अडली. वही घेऊन जवळ गेले तर तिचं बोट वाफेच्या पेटीखालच्या ओळीवर.

"काय कळत नाही का वहिनी?"

"कळतंय," ती म्हणाली. "सगळं कळतंय."

मावशी तिला आत न्यायला आल्या. टिपणं घ्यायला मीही गेले. पेटी तयार होती, कडेने वाफ निसटत होती. वहिनी उंबऱ्यातच थांबली. "मावशी, मला वाफ नको. आज नको. पाय चेपा नायतर काहीच नको."

मावशींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पेटीचं बटण बंद केलं आणि तिला आत घेऊन दार लोटलं. हळू आवाजात म्हणाल्या, "बाय, पाळी चुकली काय गो तुझी?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग हो म्हणून मान हलवली.

मला तिथेच उडी मारावीशी वाटली! पण वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते का, ते मला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी दादाने दुसऱ्याच महिन्यात जेटीवर पेढे वाटले होते. पंधरा दिवसांत सगळं संपलं, आणि पेढे खाल्लेलं प्रत्येक माणूस तिला विचारत राहिलं. आमच्याकडे तसाही तिसरा महिना सरेपर्यंत कोणी बोलत नाही. वहिनीने या वेळी दादाशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. काउंटरवर सासूच्या मांडीला मांडी लावून ती 'हो'वर खूण कशी करणार होती?

डॉक्टरांनी तिला एकटीला आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसून पाच वाजायला किती वेळ आहे ते बघत होते. ती ओळ तिने वाचली म्हणून थांबली. पण जिला वाचता येत नाही ती? काउंटरवरची मुलगी सगळ्यांदेखत विचारून फॉर्म भरेल, त्यावरचं 'नाही' बघून मावशी तिला बिनधास्त पेटीत बसवतील. नाहीतर तेल चोळतील, पोटावरसुद्धा.

वहिनी बाहेर आली, चेहरा हलका झालेला. मी उठले आणि मॅडमच्या खोलीत शिरले. त्या एका मुलीकडून कॉम्प्युटरवर पानं लावून घेत होत्या. दारात डॉक्टरही येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, फॉर्मवरचा एक प्रश्न काढायला हवा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण फार लांबून आल्यासारखा.

"कुठला?"

"गरोदर आहात का. काउंटरवर बायका खरं सांगणार नाहीत. घरचं माणूस शेजारी असतं. तिसरा महिना सरला नसेल तर नाहीच सांगणार."

"अगं, फॉर्म सगळीकडे असाच असतो. आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलंय ना तू?"

"वाचतील त्या थांबतील. पण ज्या वाचणार नाहीत..."

"तू अंदाजाने बोलतेस की अशी बाई खरंच आहे?"

खिडकीबाहेर आई कुणाला तरी पापलेटचा भाव सांगत होती.

"आहे," मी म्हटलं. "आजच आली होती. नाव सांगणार नाही."

"मीही सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण पेटी गरम होती, इतकं खरं."

मॅडमनी चष्मा काढला. "मग विचारायचं कुठे?"

"माझ्या खोलीत," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येकीला एकटीला. पाळी शेवटची कधी आली, असं विचारीन. त्याचं उत्तर बायका देतात. तोपर्यंत तेल नाही आणि वाफ नाही."

"आणि मेन्यूत?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बोल. दहा मिनिटं आहेत."

मी उभ्याउभ्याच वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'उपचाराआधी डॉक्टर प्रत्येकीला एकटीला भेटतात. तिथे सांगितलेलं तिथेच राहतं. एखादा उपचार नको असेल तर नको म्हणा, काउंटरवर कारण सांगावं लागत नाही.'

"पहिल्या पानावर टाका," मॅडम कॉम्प्युटरवरच्या मुलीला म्हणाल्या. "सर्वांत वर." काउंटरच्या फॉर्मवरचा तो प्रश्न त्यांनी माझ्यासमोर खोडला. मावशी दाराआडून ऐकत होत्या. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी तेलकट हातानेच माझी हनुवटी धरली.

परतीच्या एसटीत मी आणि वहिनी एकमेकींकडे बघून उगाच हसत होतो. आई पुढच्या सीटवर होती. भाट्याचा पूल ओलांडल्यावर ती उठली आणि खिडकीची जागा वहिनीला दिली.

"इथे बस, वाऱ्याला. आणि रात्री बांगडे मी तळते. तू तिकडे फिरकू नको."

"का हो आई?" वहिनीने घाबरून विचारलं.

"तीन आठवडे बांगड्याचं नाव काढलं की नाकाला पदर लावतेस. मला काय डोळे नाहीत?" आई पुन्हा समोर बघू लागली. "बोलू नका कुणाशी इतक्यात. मीपण नाही बोलत."

आता वहिनीला पाचवा महिना आहे. दादाने पेढे वाटले, या वेळी थोडे उशिरा. छापलेला मेन्यू घरात आरशामागे खोचलेला आहे. परवा शेजारची नवी सून आली होती, कंबर धरून. वहिनीने तो काढून तिच्या हातात दिला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "आधी हे वाच," म्हणाली. "आमच्या हिने लिहिलंय."