नॉमिनीचा फोटो

पप्पांच्या पीएफच्या नॉमिनेशनला माझा फोटो लागत होता आणि तो मी दिला नव्हता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मागितला होता त्यांनी. एकदा नाही, पुन्हापुन्हा. शेवटच्या वेळी मी त्यांना काय म्हणाले, तेही मला जसंच्या तसं आठवतं.

पप्पा इंदूरला सांवेर रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. लग्नाआधी तिथे लागले, मग दुसरीकडे गेलेच नाहीत. आई गेल्यावर राऊच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी तिथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. लग्न केलं नाही. का, ते इथे नको.

सकाळी मी दोन डबे भरायची, एक त्यांचा, एक माझा. संध्याकाळी त्यांचा डबा रिकामा परत यायचा. भाजी कशी झाली होती हे मी विचारत नसे आणि ते सांगत नसत. आजोबा महूला फौजेत होते, त्यांच्या तालमीत पप्पा वाढलेले. आपल्या घरात कौतुक करायची पद्धतच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत पुरतही होती.

मग कारखान्याच्या एचआरमध्ये एक मुलगी लागली. छत्रीबागेतली, आपल्यातलीच, मराठी घरातली, पंचविशीची. अजून प्रोबेशनवर होती. आधी पप्पा म्हणायचे, "ती नवीन पोरगी." मग, "ती एचआरवाली." आणि एक दिवस पोळी मोडता मोडता म्हणाले, "आज बेटानं केक आणला होता."

मी विचारलं, "कोण बेटा?"

"अगं, तीच."

मला त्यांनी कधी बेटा म्हटलं नाही. नावाने हाक मारायचे, तीही कामापुरती. पुढे कळलं की सुट्टीनंतर कारखान्याच्या आवारात ते तिला स्कूटी शिकवत होते. मागून कॅरिअर धरून पळायचे म्हणे. मला स्कूटी शेजारच्या काकूंनी शिकवली होती. पप्पा तेव्हा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी पडले तेव्हा त्यांनी पान उलटलं. मी पाहिलं होतं.

तर ह्या मुलीनं कारखान्यातल्या सगळ्यांच्या मागे लागून पीएफचं नॉमिनेशन ऑनलाइन भरायला घेतलं होतं. त्यासाठी नॉमिनीचं आधार आणि फोटो लागतो. तो चढवला की मग स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन ई-साइन करायचं. ते झाल्याशिवाय नॉमिनेशन धरत नाहीत. आधार पप्पांकडे होतं. फोटो नव्हता.

"एक पासपोर्ट साइजचा फोटो दे," ते म्हणाले.

"बघते," मी म्हणाले.

काही दिवसांनी पुन्हा, "फोटो राहिला ना. बेटा रोज विचारते."

फोटो कपाटात होते, पाकीट भरून. कॉलेजच्या आयकार्डसाठी काढले होते. हात लांबवायचा अवकाश होता.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी भांडी घासत होते. म्हणाले, "आज फोटो दिलाच पाहिजे, बेटा ओरडेल मला."

मी वळूनही न बघता म्हणाले, "मग तिचाच फोटो लावा."

ते हसले. मला वाटलं, कसंनुसं हसले. मग पायात चपला सरकवून फिरायला गेले. त्यानंतर त्यांनी फोटो मागितला नाही.

पावसाळा संपता संपता ते गेले. दुपारी स्टोअरमध्येच छातीत दुखायला लागलं. रिटायरमेंट अजून व्हायची होती. दवाखान्यातून मला फोन आला तो त्या मुलीचा. मी राऊहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती बाहेर बाकावर बसली होती, पप्पांचा चष्मा आणि मोबाइल मांडीवर धरून. मी हात पुढे केला, तिने दोन्ही वस्तू दिल्या. मी विचारलं, "काही म्हणाले?"

"पाणी मागितलं ताई. मी पाजलं."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर हेही हिनेच केलं. वडील आत होते, आणि मला हे सुचत होतं.

जलदानाच्या कार्यक्रमाला ती आली आणि मोठ्यानं रडली. पप्पांची मावसबहीण तिच्याकडे बघून मला म्हणाली, "ही कोण गं? मुलगी तू की ती?" आत्याची जीभ तशी आहेच. पण मी ते सोडलं नाही, धरून ठेवलं.

पुढे मी फंडाच्या कामासाठी कारखान्यात गेले. घराचं कर्ज पप्पांच्या पगारातून फिटत होतं, माझ्या पगारात हप्ता बसत नव्हता. हा पैसा आला नसता तर घर विकावं लागलं असतं.

एचआरचे साहेब हिंदी बोलणारे, भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, एक एप्लिकेशन लिखकर दे दीजिए एचआर के नाम. मृत्यूचा दाखला आणि कॅन्सल चेक जोडा. पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख आणि कारण आम्ही भरू, क्लेम फॉर्मवर सही-शिक्का आमचा. फंड और इन्शुरन्स, दोनों साथ में." साहेबही मराठी-हिंदी अशी मिसळ बोलायचे, इंदूरचेच ना.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर पप्पांचं खातं उघडलं आणि थांबले. "अरे, ई-नॉमिनेशन तो अधूरा है." फाइल मागवली. त्यात नोकरीला लागतानाचं जुनं नॉमिनेशन होतं, पप्पांच्या आईच्या नावाचं. आजीला जाऊन किती वर्षं झाली. साहेब म्हणाले, ती असती तरी ते चाललं नसतं. लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न झालं की बाद होतं, नवीन भरायचं असतं. आता तहसीलमधून हयात कुटुंबीयांचा दाखला आणावा लागेल, मग क्लेम पुढे जाईल. पैसे मलाच मिळतील, पण वेळ लागेल.

"एक फोटो चढ़ जाता तो ये चक्कर ही नहीं था," असं म्हणून त्यांनी त्या मुलीला हाक मारली. "बेटा, काकाजी का क्यों रह गया?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी खाली, माझ्या पिशवीच्या बंदाकडे.

"सर, पेंडिंग होतं," ती म्हणाली. "फॉलो-अप चालू होता."

मी तिथेच सांगू शकले असते. एक वाक्य होतं. नाही सांगितलं.

अर्ज लिहायला साहेबांनी मला तिच्याच टेबलावर बसवलं. टेबलावर पप्पांचा स्टीलचा पेला होता, त्यांचं नाव कोरलेला, आमच्या घरातला. तो सहांच्या संचातला एक कमी झालाय म्हणून मी घरभर शोधला होता. तिने त्यात पेनं ठेवली होती. माझी नजर तिथे गेलेली पाहून ती हळूच म्हणाली, "काकांनी दिला होता. तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा ताई."

मी अर्जाचा कागद पुढे ओढला. मग तीच म्हणाली, "तुमची भरल्या वांग्याची भाजी आम्ही सगळे खायचो. काका डबा उघडायचे आणि म्हणायचे, 'हे बघा, असं वांगं आख्ख्या इंदौरमध्ये कुणाला जमत नाही.' तुम्ही कॉलेजात आहात, किती वाचता, सगळं सांगायचे."

तिला वाटलं असणार की मला बरं वाटेल. मला मात्र असं वाटलं की माझी वस्तू कुणीतरी इतके दिवस वापरली आणि आता जुनी करून परत देतंय. ते वाक्य माझं होतं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर बोललं जायला हवं होतं. ते इथे, ह्या पेल्यासमोर खर्च झालं.

अर्ज मी हिंदीत लिहिला, "सेवा में" पासून. वडिलांचं नाव, खात्याचा नंबर, मृत्यूची तारीख, मी एकुलती एक मुलगी, आई हयात नाही, कृपया फंड आणि विम्याचा निपटारा करावा. इथे अर्ज संपत होता. सही करायला जागा सोडली होती. त्या जागेत मी आणखी एक परिच्छेद घातला. संबंधित महिला कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे माझ्या वडिलांचं नॉमिनेशन अपूर्ण राहिलं, त्यामुळे मला त्रास होत आहे, तरी तिच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. तिचं नावही लिहिलं. तिच्याच पेनाने.

कागद घडी करून मी साहेबांच्या हातात दिला. तिने जाताना विचारलं, "चहा घेता का ताई?"

तहसीलचा दाखला मिळायला बरेच खेटे पडले. त्याही काळात तिचेच फोन यायचे: दाखल्यावर नाव आधारसारखंच आहे ना बघा, चेकवर तुमचं नाव छापलेलं असू द्या. सगळं तिनेच बिनचूक करून घेतलं, माझ्या पत्रानंतरही. मला वाटायचं, तिला पत्र दाखवलं नसेल. मग एका रविवारी तिचा फोन आला.

"ताई, क्लेम सेटल झालाय. एक-दोन दिवसांत खात्यात येईल."

"बरं," मी म्हणाले.

"आणि मी जॉब सोडला. म्हणजे कन्फर्म नाही केलं मला. तुमच्या लेटरवर साहेबांना वरून विचारलं गेलं. कंप्लेंट इन रायटिंग होती ना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकदा विचारायचं तरी ताई. नाव लिहिण्याआधी."

"तू सांगायचंस त्यांना," मी म्हणाले. एवढंच सुचलं मला. वरून चढा आवाज.

"काय सांगू? काकांनी मला सांगितलं होतं. हसत हसत आले होते त्या दिवशी. म्हणाले, 'हमारी शेरनी म्हणते तुझाच फोटो लाव. जळते तुझ्यावर!' इतके खूश होते ना, सगळ्या स्टोअरला सांगत सुटले. म्हणाले, थांब, मनवतो तिला. आता हे मी साहेबांना कसं सांगू? तिकडे कुणी हसलं नसतं."

म्हणजे माझं बोलणं पप्पांना लागलं नव्हतं. त्यांना ते आवडलं होतं. कुणीतरी आपल्यावरून जळतंय, हे त्या माणसाला मजेचं वाटलं होतं. आणि त्याची ती खुशीही मी पाहिली नाही, तिनेच पाहिली. खरं सांगते, हिच्याबद्दल वाईट वाटण्याआधी मला पुन्हा तेच वाटलं. हेही हिलाच मिळालं.

मी फोन ठेवला. सॉरी म्हणाले नाही.

पैसे आले. कर्ज फिटलं, घर राहिलं. पुढे कुणीतरी सांगितलं की ती सांवेर रोडवरच एका गोदामात ठेक्यावर काम करते, हजेरी आणि मालाच्या पावत्या बघते. शिक्षण एचआरचं. पक्क्या नोकरीसाठी जिथे जाते तिथे आधीच्या कंपनीत विचारतात, आणि तिथल्या फाइलला माझा कागद लागलेला आहे.

चाळिशी कधीच ओलांडली मी. भरलं वांगं अजून करते. पेला तिच्याकडेच आहे, तिने परत द्यायची तयारी दाखवली होती, मीच घेतला नाही. तो तिच्याकडेच राहू दे, असं आता कधी कधी वाटतं. कधी कधी अजूनही वाटत नाही.

त्या एचआर ऑफिसला मी एक पत्र देणं लागते. त्यात लिहायचं आहे की तिने फोटो वेळोवेळी मागितला होता, माझ्या वडिलांनीही मागितला होता, फोटो माझ्या कपाटात होता आणि मी तो दिला नाही. माझी तक्रार खोटी होती, ती फाइलमधून काढावी. त्याची एक प्रत तिला देणं लागते. दोन्ही अजून दिलेली नाहीत.