ओट्यापासून दारापर्यंत

जोयड्याच्या शिवानंदनं आजवर शेकड्यांनी लग्नं शूट केली होती, आणि लग्नाच्या शूटिंगचा नियम एकच: पाहुणा सुटता कामा नये. एखादी आत्या चित्राबाहेर राहिली तर वर्षभर तोंड फिरवून बसते. त्यामुळे चौकट जितकी रुंद तितकी बरी, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

पण या वेळी लग्न नव्हतं. त्याच्या बायकोनं, शिल्पानं, आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट लिहिली होती. म्हातारा नवरा बायकोला न विचारता तिचं लाडकं रेडकू आपल्या बहिणीला देऊन टाकतो आणि दोघांचं बोलणं बंद होतं, एवढीच. दहा मिनिटांची फिल्म करायची आणि दिग्गीत, तिच्या माहेरी, देवळासमोर पडदा लावून दाखवायची.

“लोक नुसते हसले तर मी पुन्हा पेन धरणार न्हाई,” असं ती बजावून बसली होती. आणि बोलली की करते, हे त्याला ठाऊक होतं.

नटमंडळी घरचीच, शिल्पाचे लखूकाका आणि पुतळीकाकी. इथंच घोळ होता. या जोडप्याला भांडण म्हणजे काय ते माहीतच नाही. काका ओट्याच्या कडेला, काकी मागं दाराच्या चौकटीत, मध्ये चार हातांचं अंतर. गप्प बसायचं, बस्स. पण कॅमेरा जवळ आला की दोघांना हसू फुटायचं. म्हणून शिवानंदनं कॅमेरा अंगणापलीकडे फणसाखाली नेला, लांबची लेन्स लावली आणि सिनेमासारखी ऐसपैस आडवी चौकट धरली. तिथून दोघं शहाण्यासारखी बसली. तो खूश झाला.

शिल्पानं ते कॅमेऱ्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“अवो, ही भांडलेली कुठं दिसत्यात? काकी काकाच्या खांद्याला टेकलीया जणू. आणि बाजूला कोंबड्या, गवताची गंजी, सगळा गाव!”

खरंच होतं ते. लांबून लांब लेन्सनं पाहिलं की पुढचं नि मागचं माणूस एकमेकांना चिकटल्यासारखं दिसतं. चार हातांचा अबोला लेन्सनं गिळून टाकला होता. उरलेली रिकामी जागा कोंबड्यांनी भरली होती. एवढी वर्षं कॅमेरा धरून हे आपल्याला दिसू नये, याचं शिवानंदला वाईट वाटलं.

“तुझ्या मनात ती किती लांब हाय?” त्यानं विचारलं.

“हाक मारली तर ऐकू जाईल, पण मारवत न्हाई, तेवढी.”

मग त्यानं रुंद लेन्स चढवली आणि कॅमेरा अंगणाच्या बाजूनं थेट काकाच्या खांद्याशी नेला, इतका जवळ की हातातली विडी लेन्सला लागू नये म्हणून काकाला जपावं लागलं. मागं वळून काकीकडं पाहा म्हटल्यावर काकाचा कान आणि गाल एवढे मोठे आले, आणि चार हातांवरची काकी दाराच्या अंधारात एवढीशी होऊन बसली. आता दोघांना हसू आलं तरी दिसणार नव्हतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्राच्या चौकटीच्या खुणा त्यानं जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी केल्या. कोंबड्या गेल्या, गंजी गेली. उरलं उंच दार आणि त्यातली बारकी बाई.

“माझं नाक बरं दिसतंय न्हवं?” काका म्हणाला.

“नाक घेतलंच न्हाई, काका.”

“मग काय घेतलंस रे?”

शिल्पानं मात्र नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता.

शेवटच्या दृश्यात रेडकू परत येतं. शिवानंदनं चौकट चौकोनीच ठेवली, दोघांच्या जागाही त्याच ठेवल्या, आणि पुन्हा फणसाखाली जाऊन लांबची लेन्स लावली. काका नुसता मागं वळला. तेवढ्यानं दोघं गालाला गाल लावल्यासारखी झाली. सकाळी चुकलेलीच लेन्स आता बरोबर ठरली.

आठवड्याभरानं तिन्हीसांजेला देवळासमोर पडदा लागला. बाप्ये एकीकडे, बाया दुसरीकडे. काका पडद्यावर येताच शिट्ट्या, खोकला, टवाळी. शिल्पा खांबाआड उभी राहून नखं चावत होती. मग ते दार आलं, त्यातली एवढीशी काकी आली, आणि गाव गप्प झाला. कुणाचं तरी पोर रडलं तर आईनं त्याला पदराखाली घेतलं.

रेडकू हंबरलं, काका पडद्यावर मागं वळला, सगळ्यांनी एकदम टाळ्या पिटल्या. खरा लखूकाका मात्र बाप्यांतून उठला, बायांच्या गर्दीतून वाट काढत गेला आणि काकीला खेटून बसला.

“इथं कशाला आलासा? लोक बघत्यात,” काकी पुटपुटली.

“बघू देत. तितक्या लांब बसलेली मला न्हाई आवडलीस.”

बायांनी हसून गलका केला. शिल्पाही हसली, डोळे पुसत. मग शिवानंदच्या खिशातलं पेन तिनं काढून घेतलं आणि परत दिलं नाही.