मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

साकोलीच्या मेसवाल्या मावशींनी माझ्या बहिणीचं कॉलेज वाचवलं. हे आधीच सांगतो, कारण ते बुडवायला निघालो होतो मीच.

मी नववीत शाळा सोडली. पुण्याकडे एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतो. बहीण दिघोरीहून साकोलीला वसतिगृहात गेली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिसऱ्याच दिवशी तिचा फोन आला.

"दादा, घर सोडून कॉलेजले जातेत, तसले पिक्चर पाठव ना. मले भेव लागून राहिलं."

सुट्टीच्या दिवशी मी शोधत बसलो. नाचगाण्यांचे सोडले, त्यांत सगळ्यांना पहिल्याच दिवशी मित्र मिळतात, एकट्या पोरीला आणखीच एकटं वाटावं. रॅगिंगचे सोडले. एक मनात भरला. गावचा मुलगा, बोलण्यावरून हसणारी पोरं, उपाशी राहून फोनवर "जेवलो" म्हणणं, पहिल्या चाचणीत नापास. मध्यंतराला तो बॅग भरून घरी निघतो.

फाइल दोन तुकड्यांत होती. पहिला तुकडा पाहिला, पाठवला आणि थांबलो. नेट संपलं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो मुलगा निघाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तीही परत आली, तर घरात शिक्षण अर्धवट सोडलेला मी एकटा उरणार नव्हतो.

रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी मेसवाली मावशी बोलते. काहून रे, अर्धाच पिक्चर पाठवलास बहिणीले? पोरगी बॅग घेऊन उभी आहे. मनते, पिक्चरमधला पोरगाही घरीच गेला."

मागून बहीण म्हणाली, "मावशी, मले जाऊ द्या ना, एसटी निघून जाईल."

"दुसरी येते. तू पोहे खा. अन् तू रे, मध्यंतराले कोणी टॉकीजमधून उठते का? पाठव बाकीचा!"

पाठवला. मग मीही पाहिला. मुलगा घरी पोचतो, आई लाड करते, चार दिवस छान जातात. कोणी रागवत नाही, कोणी परत जा म्हणत नाही. पाचव्या दिवशी वसतिगृहातल्या त्याच्या खोलीतल्या मुलाचा साधा फोन येतो: तुझी वही माझ्याकडे राहिली. तेवढ्यावर तो परत जातो. शेवटी पहिला नंबर येत नाही. काठावर पास होतो, आणि दोघं मिळून जेवतात.

दुपारी बहिणीचा फोन आला. "दादा, तो परत गेला ना!" बॅग तिने रिकामी केली होती. "तुले माहीत होतं?"

"हो," म्हणालो. खोटं बोललो.

खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही. मावशींनाही नाही. त्यांनी तो उरलेला अर्धा सिनेमा बहिणीसोबत, कणिक मळता मळता, उभ्यानेच पाहिला म्हणे. मावशी, एक दिवस मी साकोलीला येईन. आधी खरं सांगेन. मग तुम्ही खुर्चीत बसून अख्खा सिनेमा पाहायचा, आणि त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या मी लाटीन.