परत आलेला भाव

क्लाइव्ह ऑर्मरॉड यांनी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या एका पैजा घेणाऱ्या कंपनीत फुटबॉलचे भाव काढण्यात उमेदीचा काळ घालवला. सामना कोण जिंकेल, याचा त्यांचा भाव क्वचितच चुके. चुकलाच, तर मोठ्या रकमा लावणारे जाणकार काही मिनिटांत तो ताळ्यावर आणत. सामन्यात किती कॉर्नर किक मिळतील, पंच किती पिवळी-लाल कार्डे दाखवतील, अशा पैजांना ही राखण नव्हती. तिथे कंपनी थोडीच रक्कम स्वीकारी, म्हणून जाणकार फिरकत नसत. शिवाय बचावपटूच्या बुटाला लागून बाहेर गेलेला एखादा चेंडू सगळा अंदाज उलटवून टाकी.

हे काम त्यांनी नेरिस प्रॉबर्ट या तरुण वेल्श सहकारिणीकडे सोपवले. ज्यावरून ते हे भाव काढत, तो त्यांचा जुना तक्ता तिने बाजूला ठेवला.

"बलाढ्य संघानं लवकर गोल केला की तो सुस्तावतो, क्लाइव्ह. मग धडपड पिछाडीवरचा करतो आणि कॉर्नर त्याला मिळतात. कार्डांचं तर निम्मं पंचावर असतं. तुमच्या तक्त्यात पंच कुठाय?"

"तक्त्यात मी आहे, तेवढं पुरे."

हंगामअखेर तिच्या भावांनी तोटा दाखवला. वरिष्ठांनी ऑर्मरॉड यांचे मत मागितले. त्यांनी नेहमीची कसोटी लावली: सामना सुरू होण्याआधीचे इतर चार कंपन्यांचे शेवटचे भाव. ते चारही एकमेकांना चिकटून होते, नेरिसचे लांब.

"पोरी, चार घरं एक बोलतायत."

"चार घरं, की चार दारांचं एकच घर?"

ते हसले. त्यांच्या अहवालावर तिची नोकरी गेली.

अनेक वर्षांनी लेस पिकव्हन्स या जुन्या सहकाऱ्याच्या निवृत्तीची मेजवानी होती. तो नेरिस येण्याआधीच त्या चारांपैकी एका कंपनीत गेला होता. मांस भरलेली पेस्ट्री आणि मटार संपवता संपवता विषय कॉर्नरवर आला.

"आम्ही कुठे भाव काढायचो? तुझाच तक्ता नेला होता मी जाताना. त्यातले आकडे जरा इकडेतिकडे सरकवायचे नि लावायचे. पन्नास पौंडांच्या पैजेसाठी डोकं कोण शिणवणार, बाबा?"

"आणि बाकीचे?"

"ते माझे बघायचे."

ऑर्मरॉड यांनी ताट दूर सारले. ज्या एकमताने त्यांनी नेरिसला तोलले, ते म्हणजे त्यांचाच आवाज होता, भिंतीवरून परतलेला.

नेरिस आता वेल्समधल्या रेक्समला गणित शिकवत होती. त्यांनी फोन करून सगळे सांगितले.

"म्हणजे मी बरोबर होते, असं नाही होत," ती म्हणाली. "एका हंगामाचा तोटा नुसत्या नशिबानंही होतो. नफाही. आठदहा हंगाम मिळाले असते, तर कदाचित कळलं असतं."

"ते मी द्यायला हवे होते."

"हो," ती म्हणाली. "हवे होते."