टीव्हीच्या मधोमध

मित्राने मुंबईहून आईवडिलांना भलामोठा एलसीडी टीव्ही पाठवला, स्वतः मात्र दिवाळीला आला नाही. टीव्ही जोडायला गेलो मी. रत्नागिरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे अख्ख्या आळीच्या वायरी माझ्याच गळ्यात. बोलता बोलता त्याच्या आईला, काकूंना, सांगितलं, की अठ्ठ्याण्णव साली त्याने बनवलेला गेम अजून माझ्याकडे सीडीवर आहे. त्यांनी हातातला फराळाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, मला दाखव.

तो गेम त्यांनी कधी बघितलाच नव्हता. बारावीच्या वर्षी पोरगा पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवत बसायचा आणि काकू येऊन कॉम्प्युटरचं बटण बंद करायच्या. ह्याने काय पोट भरणार आहे, म्हणायच्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पुढे त्याला बँकेत नोकरी लागली आणि चित्रं सुटली ती सुटलीच. मला अजून हळहळ वाटते. तसा हात मी पुन्हा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नेऊन टीव्हीला जोडला. गेम साधा: बागेतली माकडं हाकत घरी पोचायचं, अंगणात आई फेऱ्या मारत वाट बघतेय. टीव्हीभर ताणलं तर आई पसरट झाली. नुसती उंची भरली तर आणखीच तऱ्हा. मूळ चित्र दोनशे चाळीस ओळींचं, टीव्हीच्या ओळी सातशे अडुसष्ट. भाग पूर्ण जातच नाही. मग काही ठिपके तिप्पट, काही चौपट. आई चालली की कधी हा डोळा जाड, कधी तो. वैतागून कडा गुळगुळीत करणारा शेडर, म्हणजे चित्रावर फिरणारा छोटा प्रोग्रॅम, लावला, तर चेहरा मेणाचा झाला आणि कुंकू कपाळात विरून गेलं.

शेवटी चित्र बरोब्बर तिप्पट केलं. चारी बाजूंना काळं राहिलं, त्यावर काका तापले. एवढा मोठा टीव्ही आणि चित्र खिडकीएवढं? त्यांना म्हटलं, जरा दम धरा. मग जुन्या मॉनिटरसारखी दर तिसरी ओळ किंचित काळी करणारा शेडर लावला. आता प्रत्येक ठिपका सारखा, कुंकूसुद्धा जागच्या जागी.

काकू उठून टीव्हीपाशी गेल्या. पडद्यावर पदर कमरेला खोचलेली ती बाई, तिच्या मनगटावर एकच तपकिरी ठिपका.

"माझा भाजल्याचा डागसुद्धा काढलान मेल्यानं," त्या म्हणाल्या. "एवढं बघत होता मला. आणि मी बटणं बंद करत बसले."

त्या रडल्या. काका उगाच वायरी बघू लागले. थोड्या वेळाने काकूंनी मला त्याला फोन लावायला सांगितलं. स्पीकर चालू होता.

"तुझा गेम बघितला रे आज," त्या म्हणाल्या.

पलीकडे बँकेतला गलका ऐकू येत होता.

"कुठला गेम, आई?"

काकूंनी टीव्हीकडे बघितलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"