सांगायचं काय, ते ठरवलंच नव्हतं

माझ्यामुळे एका माणसाचं नोकरीत कायम होण्याचं पत्र अडकलं. ते मी मुद्दाम केलं नाही, असं स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो. मुद्दाम केलं नव्हतं हे खरं आहे. पण चूक झाल्याचं त्याच क्षणी कळलं होतं आणि तरी मी गप्प बसलो, हेही तितकंच खरं आहे.

चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या सीटखाली लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनवते. ब्रॅकेटला एक भोक असतं आणि त्यावर नट वेल्ड केलेला असतो. गाडी जोडणाऱ्या कंपनीत त्या नटात बोल्ट बसतो, एवढंच त्याचं काम. मी तिथे क्वालिटीचा प्रमुख. एके दिवशी ग्राहकाच्या लाइनवर आमच्या ब्रॅकेटमध्ये बोल्ट बसेनात. लाइन थांबली. चार दिवसांनी येऊन खुलासा करा, असा निरोप आला.

माझ्या हाताखाली एक इंजिनिअर आहे. पिंपळे सौदागरला राहते, कंपनीच्या बसने येते, बोलते कमी. तिने दोन दिवस शॉपवर, मशीनांजवळ काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, प्रेझेंटेशन करण्याआधी एक विचारू? आपण त्यांना नेमकं काय सांगणार आहोत?"

"नेमकं काय म्हणजे? सगळंच सांगणार."

"सगळं नाही सर. एका वाक्यात."

मी हसलो. "मॅडम, वाक्यं नंतर जुळवू. आधी स्लाइड तर होऊ देत."

आमच्याकडे स्लाइड करायची एक ठरलेली रीत आहे आणि ती फक्त माझी नाही. मागच्या तक्रारीची फाइल उघडायची, नवीन नावाने सेव्ह करायची आणि फोटो, तारखा बदलत जायचं. मीही तेच केलं. सुरुवातीला कंपनीचा परिचय, मग प्रमाणपत्रं, शॉपचा नकाशा. तिने दिलेले आलेख मध्ये कुठेतरी घातले. बेचाळीस स्लाइड झाल्या. जाड फाइल पाहून मला काम झाल्यासारखं वाटलं.

बैठकीला ग्राहकाचे क्वालिटीचे मुख्य अधिकारी होते. साठीकडे झुकलेले, आवाज शांत. नवव्या स्लाइडवर मी आमच्या वेल्डिंग मशीनची संख्या सांगत होतो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"साहेब, तुमच्या कंपनीत मी येऊन गेलोय. बोल्ट का बसत नव्हता, ते एका वाक्यात सांगा."

माझ्याकडे वाक्य नव्हतं. डोक्यात बेचाळीस चित्रं होती, त्यातलं कुठलं पुढे करायचं ते ठरलेलं नव्हतं. मी भराभर बटण दाबत पुढे गेलो. एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'मूळ कारण' दिसलं आणि मी थांबलो. खाली लिहिलं होतं : ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय : पुन्हा प्रशिक्षण.

ती स्लाइड जुन्या तक्रारीची होती. बदलायची राहून गेली होती. आणि मी ती मोठ्याने वाचली.

शेजारी बसलेल्या इंजिनिअरने मान झटकन माझ्याकडे वळवली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरचे अधिकारी वहीत लिहीत होते. "कोणत्या शिफ्टचा माल होता?" त्यांनी विचारलं. सापडलेल्या पेटीवर दुसऱ्या शिफ्टचं लेबल होतं. मी तेही सांगितलं. त्या मशीनवर दुसऱ्या शिफ्टला एकच माणूस असतो. तेव्हाही बोलता आलं असतं. 'माफ करा, चुकीची स्लाइड आहे', एवढंच म्हणायचं होतं. पण बेचाळीस स्लाइडचा माणूस असं कसं म्हणणार?

परत येताना गाडीत ती म्हणाली, "सर, तिन्ही शिफ्टच्या मालात दोष होता. एकतिसाव्या स्लाइडवर आलेख आहे. तीन शिफ्टला तीन वेगळी माणसं. मग दोष माणसाचा कसा?"

"माहितेय," मी म्हणालो. "कागद गेलाय आता. शांत होऊ दे जरा."

तो ऑपरेटर बीड जिल्ह्यातला. थेरगावला डांगे चौकाजवळ तिघांत एक खोली घेऊन राहायचा. आमच्याकडे तीन वर्षं झाली होती आणि त्याच महिन्यात तो कायम होणार होता. ग्राहकाच्या कागदावर 'ऑपरेटर' आल्यावर आमच्या ऑफिसने त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला घातलं आणि पत्र थांबवलं. तो मला एकदा जिन्यात भेटला.

"साहेब, नट तर रोज बसवतो तसाच बसवला व्हता. काय चुकलं, ते कळलं तर बरं व्हईल."

"बघू," मी म्हणालो आणि वर निघून गेलो.

नेमकं काय झालं होतं, ते पुढे इंजिनिअरने शोधून काढलं. नट भोकाच्या बरोबर मधोमध बसावा म्हणून मशीनमध्ये एक पिन असते. ती वापराने झिजते. झिजली की नट अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकतो. डोळ्यांना दिसत नाही, बोल्टला कळतं. पिन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलायचा नियम होता. पण तो नियम दोन शिफ्टच्या काळातला. तिसरी शिफ्ट सुरू झाली आणि पिन महिना संपायच्या आधीच झिजू लागली. तक्रारीनंतर मेंटेनन्सने पिन बदलली, म्हणून माल सुधारला. सगळ्यांना वाटलं, माणूस बदलल्याने सुधारला.

तीन आठवड्यांनी ग्राहकाकडे पुन्हा बोल्ट अडकले. तो ऑपरेटर तेव्हा पॅकिंगला होता.

पुढच्या सोमवारी बैठक ठरली. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते, त्या दिवशी आम्ही दोघं कंपनीत आलो. कॅन्टीन रिकामं होतं. मी बॅगेतून लॅपटॉप काढला. तिने तो मिटला आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे ती.

मी लिहिलं : नट वेल्डिंगमधल्या दोषाचं विश्लेषण आणि उपाययोजना.

"हे नाव झालं सर. यात आपण म्हणतोय काय?"

मी खोडलं. लिहिलं : आमची कंपनी गुणवत्तेला सर्वाधिक महत्त्व देते.

"हे शेजारचा कंपनीवालाही म्हणेल. त्याच्या पुढचा कंपनीवालाही."

पुन्हा खोडलं. पिन झिजल्यामुळे नट सरकला, असं लिहिलं.

"हे खरं आहे. पण ऐकून त्यांनी काय करायचं? सोमवारी ते काय ठरवणार आहेत?"

"आपला माल यापुढे घ्यायचा की नाही, ते."

"मग ते ठरवायला त्यांना काय कळायला हवं?"

याचं उत्तर आमच्याकडे होतं. मशीनला मोजणी करणारा काउंटर बसवायचा. ठरलेल्या संख्येइतके नट वेल्ड झाले की मशीन आपोआप थांबेल आणि पिन बदलल्याशिवाय सुरू होणार नाही. काउंटर बुधवारीच बसला होता. मी लिहिलं : पिन झिजण्याआधीच आता मशीन थांबतं, म्हणून हा दोष पुन्हा येणार नाही. वाचून मला बरं वाटलं. वाक्य सापडलं असं वाटलं.

"आता तुम्ही ते अधिकारी व्हा," ती म्हणाली. "हे ऐकलं. पहिला प्रश्न काय विचाराल?"

मला तो प्रश्न लगेच दिसला. "मागच्या वेळी तुम्ही 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' म्हणाला होतात, त्याचं काय?"

तिने पेन माझ्या बाजूला सरकवलं.

इतके दिवस मी स्लाइडच्या मागे का लपत होतो, ते तेव्हा समजलं. एक वाक्य काढायला बसलं की जे सांगायचं टाळतोय तेच पुढ्यात येतं. बेचाळीस स्लाइडमध्ये ते आरामात दडून राहतं. मी लिहिलं : मागच्या वेळी आम्ही तुम्हाला चुकीचं कारण सांगितलं, दोष माणसाचा नव्हता, झिजलेल्या पिनचा होता, आणि आता पिन झिजण्याआधीच मशीन थांबतं.

मग आम्ही जुनी फाइल न उघडता नवीन सुरू केली. त्या वाक्याला आधार देईल तेवढंच घ्यायचं. तिन्ही शिफ्टचा आलेख, नव्या आणि झिजलेल्या पिनचा फोटो, काउंटरचा फोटो, आठ दिवसांच्या तपासणीचं वेळापत्रक. चार स्लाइड. बाकीचं कुणी विचारलं तर दाखवायला वेगळं ठेवलं.

शुक्रवारी प्लांट हेडना दाखवलं. त्यांनी वाक्य दोनदा वाचलं.

"राव, बाकी मस्त. पण हे 'चुकीचं कारण सांगितलं' काढ. आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं का?"

"ते काढलं तर पुढचं कोण ऐकेल, साहेब?"

"आणि ऑर्डर गेली तर?"

"गेली तर माझ्यामुळे गेली म्हणा," मी म्हणालो. त्यांनी कागद परत दिला. "तुझ्या जबाबदारीवर," एवढंच म्हणाले.

सोमवारी प्रोजेक्टर सुरू व्हायच्या आधीच मी उभा राहिलो आणि वाक्य म्हटलं. त्या अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"पिन दाखवा."

स्लाइड नाही, पिनच दाखवली. खिशात दोन आणल्या होत्या. त्यांनी नवी आणि झिजलेली, दोन्ही बोटांत फिरवून पाहिल्या, मग आलेख पाहिला. माल महिनाभर तपासून घेऊ, मग बघू, म्हणाले. मी सुटलो असं वाटून खाली बसत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"आणि त्या ऑपरेटरचं काय केलंत?"

त्याला पॅकिंगला घातल्याचं आणि पत्र थांबवल्याचं मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि ते पुढच्या विषयाकडे वळले.

त्याच आठवड्यात प्लांट हेडनी ऑपरेटरचं कायम होण्याचं पत्र काढलं. तो मशीनवर परत जाणार होता. काम झालं, आता बोलायची गरज काय, असं म्हणत मी आणखी दोन दिवस त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी पॅकिंगमध्ये गेलो. तो पेटीला टेप लावत होता. आजूबाजूला सहा-सात जण होते. मी ग्राहकाच्या बैठकीपासून सुरुवात केली, पिनवर आलो, काउंटर सांगू लागलो. त्याचा हात थांबला नाही.

"साहेब, ते पत्र मिळालं," तो म्हणाला. "पर माझं काय चुकलं व्हतं, ते अजून कुणी सांगितलं न्हाई."

बाकीच्यांचे हात मात्र थांबले. मी हातातली फाइल पेटीवर ठेवली.

"भाऊ, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्या लोकांसमोर तुमच्यावर खोटा ठपका ठेवला आणि खोटं आहे हे माहीत असून गप्प बसलो. मला माफ करा."