बटणाचा चहा

मला नोकरीवर घेतलं होतं हिशेब लिहायला. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात एका बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं घेऊन आमची कंपनी चालत होती. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून द्यायचे, हे काम. नव्वदीच्या मधली वर्षं होती. माणसं वीस. बायका तीन, आणि त्यांतली लग्न झालेली मी एकटी. एवढ्या एका लायकीवर पँट्री माझ्या गळ्यात पडली.

"तुम्ही घर चालवता ना मॅडम," साहेब म्हणाले, "तसंच हे. महिन्याला दोन हजार. चहा, कॉफी, खायला काहीतरी. कुणाची तक्रार यायला नको."

घरात चार माणसं आणि चौघांना माझा धाक. इथं वीस, आणि धाक कुणालाच नाही.

दोन हजारांत रोज दोन लिटर दूध, महिन्याची अडीच किलो चहापत्ती, आठ-नऊ किलो साखर आणि गॅस एवढं बसवलं की खाण्यासाठी जेमतेम सहा-सातशे उरायचे. चहापत्ती मी सुलतान बाजारातून सुटी आणायची. कॉफीही तिथलीच, चिकोरी घातलेली, फिल्टरची. मुरमुरे, डाळं, शेंगदाणे बेगम बाजारातून, पोत्याच्या भावानं. रिक्षात ते पोतं पायाशी घेऊन बसलेली मी ओळखीच्या कुणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवून बसत असे. आठवड्यातले तीन दिवस चिवडा, तीन दिवस इराण्याच्या बेकरीतली उस्मानिया बिस्किटं, माणशी दोन. हे "माणशी दोन" मी मोठ्या अक्षरांत लिहून बरणीवर चिकटवलं होतं. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, "आणि माणसाच्या मित्राला?"

चहा करायची अम्मा. अंबरपेठहून चालत यायची, सकाळी झाडलोट करायची आणि मग अकराला आणि चारला एकेक पातेलं चढवायची. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, बोलणं तेलुगू आणि आपलं हैदराबादी हिंदी मिसळून. दोन लिटर दुधात दोन लिटर पाणी घालून चाळीस कप ती असे काढायची की पहिल्याचा आणि शेवटच्याचा रंग एकच. मला घरी आठ कपांचाही अंदाज धड येत नाही.

पण तक्रारी थांबत नव्हत्या. एकाला साखर कमी हवी, एकाला बिनदुधाचा, दोघांना बरणीतली झटपट कॉफीच हवी. बरणी आणली तर नऊ दिवसांत तळ दिसला. पुण्याहून आलेला एक प्रोग्रॅमर तर दर दोन तासांनी माझ्या टेबलापाशी उभा. "ताई, थोडासा चहा मिळेल का? डोकं चालत नाहीये." मी म्हणायची, माझं तरी कुठं चालतंय.

अशात तो विक्रेता आला. टाय लावलेला, हातात रंगीत कागद. सगळीकडे नवीन नवीन यंत्रं येत होती तेव्हा, आणि साहेबांना नव्याचा फार सोस. चहा-कॉफीचं मशीन. वरच्या दोन डब्यांत तयार भुकटी, दूध-साखर सगळं तिच्यातच. आत पाण्याची टाकी तापते. बटण दाबलं की कप भरतो. मशीन वापरायला फुकट, भुकटी मात्र त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि निदान तीन महिन्यांची कबुली द्यायची.

"कपाला पावणेदोन रुपये," तो म्हणाला. "वीस माणसं, दोन कप, महिन्याचे पंचवीस दिवस. साडेसतराशे. दूध नाही, गॅस नाही, भांडी नाहीत."

"आणि खायला काय, उरलेल्या अडीचशेत?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नाच्या मांडवात रद्दीचा भाव विचारला होता. मग म्हणाले, "भांडी नाहीत, म्हणजे अम्माचं कामही निम्मं. तिचा पगार थोडा कमी करता येईल."

हे मला तिथंच अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही. उलट रोजच्या कटकटीतून सुटेन, असा स्वार्थी विचार मनात आला होता. पगार कमी केल्याचं अम्माला मीच सांगितलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "अच्छा." एवढंच. झाडू उचलून गेली.

मशीन आलं आणि लग्नघर असावं तसे सगळे त्याच्याभोवती. पहिल्या दिवशी किती कप गेले मोजायचं भानच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी मोजायला लागले. दिवसाला ऐंशी, नव्वद. विक्रेत्यानं माणशी दोन धरले होते. पण पातेल्यातला चहा संपतो, बटण संपत नाही, हे त्यानं धरलं नव्हतं. कुणी जाता-येता दाबायचं, कुणी निम्मा पिऊन ठेवून द्यायचं. एकजण दोन्ही बटणं दाबून चहा आणि कॉफी मिसळून प्यायचा आणि इतरांनाही शिकवायचा. महिन्याची भुकटी बारा-तेरा दिवसांत संपली. वर प्लॅस्टिकचे कप, ते तर विक्रेत्यानं मोजलेच नव्हते. बिस्किटं मी बंद केली. चिवडा आठवड्यातून एकदा. मग ज्यांनी महिनाभर मशीनचं कौतुक केलं तेच विचारायला आले, "ताई, बिस्किटं कुठं गेली?"

"तुम्ही प्यायलात ती," मी म्हणाले.

दुसऱ्या महिन्यात मी मशीनवर कागद लावला: माणशी तीन कप. कागद दुपारपर्यंत कपाखाली ठेवायला वापरला गेला. साहेबांकडे जास्त पैसे मागितले तर ते म्हणाले, "घरात पैसे कमी पडले तर काय करता?" घरात पैसे कमी पडले तर मी कुणाला चौथा कप देत नाही, हे मी तोंडावर बोलले नाही.

अम्मा दुपारी मागच्या जिन्यात स्वतःपुरता चहा करायची, जुन्या शेगडीवर, उरलेल्या गॅसवर. आल्याचा वास वर यायचा. एक-दोनदा तिथं आमच्यापैकी कुणाची तरी चप्पल दिसली; म्हणजे कुणीतरी तिच्याकडचा चहा पीत होतं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. एकदा तिनंच मला विचारलं, "मॅडम, मिशन का चाय कैसा है?"

"गोड," मी म्हणाले.

"पेट में आग करता," ती म्हणाली, आणि कपबशी पुढं केली. मला घ्यायची लाज वाटली. कामाचं निमित्त करून मी वर गेले.

एप्रिल उजाडला आणि दुपारची वीज जायला लागली. कॉम्प्युटर यूपीएसच्या बॅटरीवर अर्धा तास चालायचे, पंखे बंद, मशीन बंद. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं काम संध्याकाळच्या कुरियरनं जायचं होतं. सकाळपासून एका कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी नव्या प्रोग्रॅमात भरल्या जात होत्या, अजून थोडंच राहिलं होतं; मधेच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. तीनला वीज गेली. दहा मिनिटांत माझ्या टेबलापाशी पाचजण येऊन गेले. चहा नाही. कॉफी नाही. गरम पाणी तरी? पाचवा आला तो पुण्याचा.

"ताई, यूपीएसच्या बोर्डवर एक पॉइंट मोकळा आहे. मशीन दहाच मिनिटं तिथं लावू?"

घामानं माझ्या हाताखालचा कागद चिकटत होता. मी मान वर न करता ओरडले, "लाव रे बाबा, कुठं लावायचंय तिथं लाव! मला विचारू नका!"

त्यानं लावलं. मशीनच्या टाकीनं पाणी तापवायला सुरुवात केली, यूपीएसनं एक लांब किंकाळी फोडली, आणि सगळे पडदे एकदम काळे झाले. क्षणभर रस्त्यावरच्या फेरीवाल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. मग कुणीतरी फार वाईट शिवी दिली, माझ्यादेखत, आणि मला ती बरोबर वाटली.

सकाळपासूनचं सगळं पुन्हा करायचं. कुरियर चुकलं. साहेब बाहेर आले. "कुणी लावलं?"

पुण्याच्या पोराचा चेहरा पांढराफटक. तो काही बोलायच्या आत मी उठले. "मी सांगितलं त्याला."

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "तुम्हाला एवढं कळत नाही? पाणी तापवायला किती वीज लागते?"

"नाही कळत, सर," मी म्हणाले. "मला हिशेब कळतात. दोन हजारांत वीस माणसांना ऐंशी कप बसत नाहीत, हे दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. पातेल्यात बसत होतं. ते पातेलं जिच्या हातात होतं तिचा पगार कापला आपण. मीच सांगितलं तिला. ते सांगायला नको होतं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना माझं पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांना गिऱ्हाइकाला फोन करायचा होता, आणि यूपीएसची धडकी भरली होती. खोलीत जाताना म्हणाले, "हे यंत्र मला सोमवारी दिसता कामा नये. अम्माचा पगार, काम, जे होतं तसं करा."

विक्रेत्यानं मशीन नेलं, पण तिसऱ्या महिन्याची भुकटी कबुलीप्रमाणे गळ्यात मारूनच. ती पाकिटं ज्याला हवी त्यानं घरी न्यावीत असं मी सांगितलं. चार दिवस तशीच पडून होती. शेवटी वॉचमननं नेली.

सोमवारी मी अम्माच्या मागं पँट्रीत गेले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, हिंदीत, नीट. मी तोंड उघडलं, "अम्मा, वो पगार का…"

"पहले सुनो," ती म्हणाली. "ग्यारह बजे, चार बजे. बीच में कोई पूछे तो नल का पानी. दूध मैं लाती, अंबरपेठ से. आप जो लाते, पतला रहता."

"ठीक है."

"बिस्कुट दो-दो. गिनती मैं करती."

"ठीक है. अम्मा, पर मैं बोल रही थी…"

तिनं ताटलीतला आल्याचा तुकडा आणि खलबत्ता माझ्याकडे सरकवला. "बात बाद में. ये कूटो."

मी उभ्या उभ्या आलं कुटलं. बारीक झालं नाही म्हणून तिनं पुन्हा कुटायला लावलं. अकराला पातेलं बाहेर गेलं, आणि पाच मिनिटांत पुण्याचा पोरगा रिकामा कप घेऊन दारात. "ताई, अजून थोडासा…"

अम्मानं न बोलता नळाकडे बोट दाखवलं.